सोसायटीच्या फेसबुक ग्रुपवरून शिकवणीचे पहिले विद्यार्थी

घरात नव्याने सुरू केलेल्या शिकवणीला पहिले विद्यार्थी बहुधा त्याच आवारातून मिळतात. पुण्यात वाकड किंवा खराडी, ठाण्यात घोडबंदर रोड, नवी मुंबईत खारघर अशा भागांत एकेका कुंपणाच्या आत चारशे, सहाशे, कधी हजाराहून अधिक घरे असतात. आईवडील दोघेही नोकरीला असतात आणि मूल साडेतीन-चारला शाळेच्या बसमधून उतरते. त्याला संध्याकाळच्या रहदारीत रस्ता ओलांडून क्लासला पाठवण्यापेक्षा लिफ्टने जाता येईल अशी शिकवणी पालकांना हवी असते. ही गरज लेखी स्वरूपात जिथे साठत जाते, ती जागा म्हणजे सोसायटीचा फेसबुक ग्रुप.

आज बहुतेक सोसायट्यांचा रोजचा गलबला व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. पाणी कधी येणार, लिफ्ट का बंद आहे, कुणाची गाडी आडवी लावली आहे, हे सगळे तिथे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचा क्लासचा निरोप तासाभरात वर सरकून दिसेनासा होतो आणि नंतर राहायला आलेल्या माणसाला तो दिसतही नाही. फेसबुक ग्रुपवरची पोस्ट मात्र राहते. दोन वर्षांनी एखादी आई ग्रुपमध्ये ‘tuition’ असा शब्द टाकून शोधते, तेव्हा जुने प्रश्न, त्यांखालची उत्तरे, कुणी कुणाचे नाव सुचवले हे सारे तिच्यासमोर येते. नव्या शिक्षकासाठी या ग्रुपचे खरे मोल या साठ्यात आहे. जाहिरात चिकटवायची भिंत एवढाच त्याचा उपयोग केला, तर फारसे काही हाती लागत नाही.

सोसायटीशी संबंधित ग्रुप दोन-तीन प्रकारचे असतात. एक ग्रुप व्यवस्थापन समितीचा किंवा समितीच्या संमतीने चालणारा असतो. तिथे प्रवेशाच्या वेळी विंग आणि फ्लॅट क्रमांक विचारला जातो आणि पोस्ट अ‍ॅडमिनच्या मंजुरीनंतरच दिसते. दुसरा रहिवाशांनी आपणहून काढलेला असतो. त्यात खरेदी-विक्री, घरकामाच्या बायका, डबे, शिकवण्या अशा चौकशा मोकळेपणाने होतात. तिसरा प्रकार सगळ्या परिसराचा असतो. दहा-बारा सोसायट्यांचे लोक, विशेषतः आया, त्यात असतात. पहिल्या विद्यार्थ्यांसाठी दुसरा प्रकार सर्वांत उपयोगी ठरतो, कारण तिथे लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना निदान चेहऱ्याने ओळखतात. परिसराच्या ग्रुपमध्ये सदस्य कितीतरी जास्त असतात, पण तिथला शिक्षक वाचणाऱ्याला अनोळखी असतो आणि त्याच पोस्टखाली आणखी पंधरा क्लासवाले आपले नंबर टाकून जातात. आपण राहत नाही त्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये खोटा फ्लॅट क्रमांक देऊन शिरण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा. असे प्रकार लवकर उघड होतात, आणि ज्याच्याकडे मूल सोपवायचे त्याने पहिल्याच पायरीवर खोटे सांगितले, हे पालक विसरत नाहीत.

ग्रुपमध्ये गेल्यावर पहिले काम लिहिण्याचे नसून वाचण्याचे असते. शोधाच्या चौकटीत ‘tuition’, ‘maths’, ‘classes’, ‘CBSE’, ‘teacher’ असे शब्द एकेक करून टाकावेत. ‘tution’ हाही टाकावा, कारण घाईत लिहिताना कितीतरी लोक तो शब्द असाच लिहितात. गेल्या दीड-दोन वर्षांतल्या चौकशा वाचल्या, की कागदावर एक चित्र उमटते: कोणत्या इयत्तेसाठी विचारणा होते, कोणत्या बोर्डासाठी, कोणत्या महिन्यात, आणि पालकांची नेमकी तक्रार काय असते. ‘आमच्या टॉवरमध्येच हवे’, ‘वैयक्तिक नको, चार-पाच मुलांत चालेल’, ‘फक्त परीक्षेपुरते’, ‘मुलीसाठी बाई हव्यात’ अशी वाक्ये जशीच्या तशी टिपून ठेवावीत. पुढे पोस्ट लिहिताना हेच शब्द कामाला येतात.

कोणत्या प्रश्नांना उत्तरच मिळालेले नाही, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. समजा, चौथीपर्यंतच्या ‘सर्व विषय’ शिकवणीसाठी प्रत्येक चौकशीखाली सहा-सात नावे आहेत, पण सातवीच्या गणितासाठी कुणीतरी विचारले तेव्हा खाली फक्त ‘फॉलोइंग’ आणि ‘आम्हालाही हवे आहे’ असे लिहिले गेले आहे. या दोन शब्दांचा अर्थ सरळ आहे: गरज आहे, पुरवणारा नाही. नव्या शिक्षकाने तिथेच उभे राहावे. महाराष्ट्रात अशी आणखी एक जागा हमखास सापडते, ती मराठीची. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले आणि 2020-21 पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून ते टप्प्याटप्प्याने लागू होत गेले. माहिती-तंत्रज्ञानाच्या पट्ट्यातल्या संकुलांत तमिळ, बंगाली, हिंदी बोलणारी अनेक कुटुंबे असतात. मुलाचा मराठीचा गृहपाठ घरी कुणालाच घेता येत नाही, म्हणून ‘मराठी शिकवणारे कुणी आहे का’ हा प्रश्न अशा ग्रुपांवर वारंवार येतो. मराठी चांगले असलेल्या माणसाला ही संधी बहुधा समोर असूनही दिसत नाही, कारण मराठीची शिकवणी लावावी लागते हीच कल्पना त्याला अपरिचित असते.

यानंतर एक साधा अंदाज बांधावा लागतो, नाहीतर अपेक्षा भलत्याच वाढतात. समजा, 600 घरांच्या संकुलात शाळेत जाणारी 300 मुले आहेत. पहिली ते दहावी या दहा इयत्तांत ती सारखी वाटली, तर एका इयत्तेत 30 येतात. त्यांतली निम्मी सीबीएसईची धरली तर 15. त्यांतली निम्मी आधीच कुठेतरी जातात, म्हणजे उरली सात-आठ. यांतल्या तीन-चार पालकांनी चौकशी केली आणि दोघांनी प्रवेश घेतला, तर ते चांगले यश मानावे. प्रत्यक्षात मुले सर्व इयत्तांत सारखी नसतातच. नुकताच ताबा मिळालेल्या संकुलात तरुण जोडपी जास्त, म्हणून बालवाडी ते दुसरीची मुले जास्त. दहा-बारा वर्षे जुन्या संकुलात तीच मुले आठवी-दहावीत पोचलेली असतात. सकाळी गेटवर कोणत्या शाळांच्या बस येतात आणि गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांत कोणत्या वयोगटात जास्त नावे असतात, एवढे पाहिले तरी हा अंदाज बराच नेमका होतो.

लिहिण्याआधी आणखी दोन गोष्टी निस्तराव्या लागतात. पहिली कायद्याची आणि परवानगीची. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 नुसार शाळेत नोकरी करणाऱ्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणून सध्या शाळेत असलेल्याने हा मार्ग धरू नये. नोकरी सोडलेल्याला किंवा शाळेत नसलेल्याला ही अडचण नाही. पण सदनिका राहण्यासाठी असते, तिचा वेगळा वापर करण्याबाबत सोसायटीचे उपविधी काय सांगतात हे पाहून समितीला आधीच पत्र द्यावे. त्यात किती मुले, कोणत्या वेळी, बाहेरची मुले येणार की नाही, हे लिहावे. शेजाऱ्यांच्या तक्रारी शिकवण्याबद्दल कधीच नसतात. त्या मजल्यावर पसरलेल्या चपलांबद्दल, लिफ्ट अडवण्याबद्दल आणि गेटवर थांबलेल्या पालकांच्या स्कूटरबद्दल असतात. सहा मुलांची बॅच आणि दाराच्या आत चपलांचे कपाट, एवढ्याने त्यांतल्या बहुतेक टळतात. घर भाड्याचे असेल तर मालकाचीही संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट ग्रुपच्या नियमांची आणि स्वतःच्या प्रोफाइलची. अनेक ग्रुपांत व्यावसायिक पोस्टसाठी आठवड्याचा एक दिवस ठरलेला असतो आणि तो मोडला तर पोस्ट काढली जाते. अ‍ॅडमिनला आधी दोन ओळींचा निरोप पाठवून विचारले, की मंजुरी सहज मिळते आणि अनेकदा तेच पहिली कमेंट लिहितात. पोस्ट वाचून पालक पहिल्यांदा लिहिणाऱ्याच्या नावावर बोट ठेवतात. तिथे कुलूप लावलेले प्रोफाइल आणि फुलाचे चित्र दिसले, तर बरेच जण मागे फिरतात. सगळे आयुष्य उघडे करण्याची गरज नाही. स्वतःचा स्पष्ट फोटो, शिक्षण आणि कुठे शिकवले, एवढे अनोळखी माणसाला दिसले तरी पुरते.

आता पोस्टकडे वळता येईल. वाकडच्या अशाच एका कल्पित संकुलात राहणाऱ्या शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. त्यांनी गणितात एम.एस्सी. आणि नंतर बी.एड. केले, सीबीएसई शाळेत आठ वर्षे शिकवले आणि नोकरी सोडली. जूनमध्ये क्लास सुरू करायचा ठरवल्यावर त्यांच्या मनात आलेला पहिला मसुदा असा होता: ‘सहावी ते दहावी, सर्व बोर्ड, गणित आणि विज्ञान, अनुभवी शिक्षिका, वैयक्तिक लक्ष, आजच संपर्क साधा.’ असा मजकूर ग्रुपांवर रोज दिसतो आणि तो कुणाच्याही लक्षात राहत नाही. त्यात खोटे काही नाही, पण सातवीतल्या मुलाच्या आईला हे आपल्यासाठी आहे असे वाटावे, असेही काही नाही. ग्रुप वाचून झाल्यावर त्यांनी लिहिलेला मजकूर असा:

‘नमस्कार. मी बी विंगमध्ये राहते. गणितात एम.एस्सी., बी.एड.; सीबीएसई शाळेत आठ वर्षे सहावी ते आठवीला गणित शिकवले आहे. जूनच्या तिसऱ्या सोमवारपासून घरी सातवी सीबीएसईच्या गणिताची एक बॅच सुरू करत आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. जास्तीत जास्त सहा मुले. नव्या ‘गणित प्रकाश’ पुस्तकाप्रमाणे. फी महिना 1,800 रुपये. येत्या शनिवारी सकाळी अकरा ते पावणेबारा मुलांसोबत एक विनामूल्य तास ठेवला आहे, पालकांनीही बसावे. यायचे असल्यास मुलाची शाळा कळवावी.’

अशा संकुलात ही पोस्ट बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत जाईल, पण तिचा सांगाडा हाच राहील. एकच इयत्ता घेतल्याने आपण इतरांना दूर लोटतो, अशी भीती नव्या शिक्षकाला वाटते. अनुभव उलटा असतो. ‘सातवी सीबीएसई गणित’ एवढे नेमके लिहिले, की वाचणाऱ्याला लगेच कुणीतरी आठवते आणि ती पोस्टखाली त्या मैत्रिणीचे नाव टॅग करते. ‘सहावी ते दहावी सर्व विषय’ वाचून कुणी कुणाला टॅग करत नाही. शिवाय आठवीच्या मुलाची आई ‘आठवीचे घेता का’ असे स्वतःहून विचारतेच. अशा तीन आया आल्या, की दुसऱ्या बॅचचा विचार करता येतो.

पुस्तकाचे नाव लिहिण्यामागेही कारण आहे. एनसीईआरटीने सहावीचे ‘गणित प्रकाश’ 2024 मध्ये आणले आणि 2025 मध्ये सातवी-आठवीची नवी पुस्तके आली. मोठ्या भावंडाचे जुने पुस्तक आणि त्यावरची तयार उत्तरे आता पुरत नाहीत, हे पालकांना घरी अभ्यास घेताना जाणवलेले असते. सहावीच्या नव्या पुस्तकाचा पहिलाच धडा आकृतिबंधांचा आहे, आकडेमोडीचा नाही. त्यामुळे पुस्तकाचा उल्लेख वाचून, या बाईंना सध्या शाळेत काय चालले आहे ते माहीत आहे, एवढे तरी पालकाला कळते. ‘वैयक्तिक लक्ष’ या शब्दांनी ते कळत नाही.

फी लिहावी की नाही, याबद्दल दोन मते आहेत. फी न लिहिल्यास ‘फी किती?’ अशा कमेंट येतात आणि कमेंट आल्या की फेसबुक ती पोस्ट पुन्हा वर आणते, असा हिशेब काही जण मांडतात. तो तांत्रिकदृष्ट्या खरा असला, तरी घरच्या शिकवणीसाठी फी लिहिणेच बरे. शेजाऱ्याला सगळ्यांसमोर पैशांविषयी विचारणे अनेकांना अवघड जाते, ते न विचारताच पुढे जातात. आणि प्रत्येक प्रश्नाला ‘इनबॉक्स पाहा’ असे उत्तर दिसले, की माणूस पाहून फी सांगितली जाते असा संशय येतो. फ्लॅट क्रमांक आणि फोन नंबर मात्र पोस्टमध्ये न देता चौकशी करणाऱ्यालाच द्यावा. मार्कांची हमी कुठल्याही रूपात देऊ नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती मोठ्या केंद्रांसाठी आहेत, पण खोटी हमी न देणे आणि संमतीशिवाय विद्यार्थ्याचे नाव-फोटो न वापरणे हे त्यांतले नियम सहा मुलांच्या क्लासनेही पाळावेत.

पोस्ट कधी टाकावी, हे शाळेच्या वेळापत्रकावर ठरते. सीबीएसईच्या अनेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. जूनचे पहिले दोन आठवडे म्हणून सोयीचे. पण खरी निकड तेव्हा नसते. ती जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्या चाचणीचे पेपर घरी येतात तेव्हा आणि नंतर दिवाळीच्या आसपास सहामाहीचा निकाल लागतो तेव्हा जाणवते. पालकसभा झालेल्या शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर शिकवणीच्या चौकशा हमखास दिसतात. म्हणून जूनमध्ये दोन मुलांवर सुरुवात झाली तरी निराश होण्याचे कारण नाही. ऑगस्टमध्ये दुसरी पोस्ट टाकायची तेव्हा क्लास चालू असतो आणि त्याची साक्ष देणारे दोन पालक त्याच ग्रुपमध्ये असतात.

बहुतेक पहिले विद्यार्थी मात्र स्वतःच्या पोस्टमधून न येता दुसऱ्याच्या प्रश्नाखालच्या उत्तरातून येतात. ‘सातवीच्या गणितासाठी कुणी सुचवाल का’ असे विचारणारा पालक त्या क्षणी शोधत असतो. तुमची पोस्ट वाचणाऱ्या शंभरांतले बहुतेक काहीच शोधत नसतात. म्हणून रोज एकदा ग्रुपमध्ये शोध घेऊन त्या दिवसाच्या चौकशा पाहाव्यात. उत्तर लिहिताना नुसते ‘इनबॉक्स केले आहे’ असे लिहिण्यात दोन तोटे असतात. फेसबुकवर मित्र नसलेल्या माणसाचा निरोप वेगळ्या ‘रिक्वेस्ट’ कप्प्यात पडतो आणि तो कित्येकांना दिवसेंदिवस दिसत नाही. शिवाय त्या प्रश्नाखाली ‘फॉलोइंग’ लिहून बसलेल्या बाकीच्या पालकांना काहीच कळत नाही. त्याऐवजी कमेंटमध्येच इयत्ता, वेळ आणि आपण कुठल्या विंगमध्ये राहतो हे लिहावे आणि प्रश्नाला उपयोगी पडेल असे एखादे वाक्य जोडावे. ‘पूर्णांकांची वजाबाकी अडत असेल तर आधी संख्यारेषेवर आठ-दहा उदाहरणे करून घ्या, बहुतेक मुलांना तेवढ्याने सुटते’, अशी ओळ क्लास न लावणाऱ्या पालकालाही उपयोगी पडते आणि लिहिणाऱ्याला शिकवता येते हेही दाखवते.

काही प्रश्न नाव न दाखवता विचारलेले असतात. फेसबुक ग्रुपमध्ये तशी सोय आहे. नाव फक्त अ‍ॅडमिन आणि मॉडरेटरना दिसते. मूल नापास झाले, शाळेने बोलावले, अशा वेळी पालक ती वापरतात. तिथे ‘कुठली शाळा, कोणता टॉवर’ असे विचारू नये. सर्वसाधारण उत्तर लिहून ‘हवे असल्यास मला निरोप पाठवा’ एवढेच म्हणावे. सहा महिने जुन्या प्रश्नाखाली अचानक जाहिरात लिहिण्यातही अर्थ नाही. त्या पालकाने तेव्हाच काहीतरी ठरवलेले असते.

शेजाऱ्याने लिहिलेली एक कमेंट शिक्षकाच्या दहा पोस्टपेक्षा वजनदार असते, आणि ती मागण्यात गैर काही नाही. मात्र ज्याच्या मुलाला आपण खरोखर शिकवले आहे, त्याच्याकडूनच ती मागावी आणि जे घडले तेवढेच लिहायला सांगावे. भावजयीच्या किंवा मैत्रिणीच्या खात्यावरून ‘खूप छान शिकवतात’ असे लिहून घेतलेले सोसायटीत लपत नाही. एकही विद्यार्थी नसताना प्रामाणिक मार्ग एकच: ओळखीच्या दोन घरांतल्या मुलांना महिनाभर कमी फीत किंवा फीविना शिकवावे, आणि ‘पहिला महिना असा आहे, पुढे 1,800’ हे सुरुवातीलाच सांगावे.

चौकशी आली, की शनिवारचा तास ठरवतो. अनेक शिक्षक यात आपला सर्वांत रंगतदार धडा शिकवतात. त्याने पालक खूश होतात, पण निर्णय घेत नाहीत, कारण आपल्या मुलाचे काय, हे त्यांना कळलेले नसते. वरच्या उदाहरणातल्या शिक्षिकेने पंचेचाळीस मिनिटांतली पहिली पंधरा मिनिटे प्रत्येक मुलाला सहा छोटी उदाहरणे दिली. ती सगळी सहावीच्या अभ्यासातली होती. तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश यांत मोठे कोणते आणि का? उणे तीनमधून उणे पाच वजा केले तर किती? पुढची वीस मिनिटे त्यांनी ज्या उदाहरणात सर्वांत जास्त मुले अडली तेच शिकवले. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाचा कागद दाखवला: ‘अपूर्णांकांची तुलना करताना हा फक्त खालचा आकडा पाहतो, म्हणून चुकतो. बेरीज पक्की आहे.’ हा कागद घरी जातो आणि संध्याकाळी त्यावर बोलणे होते. ज्या मुलाला सहाही उदाहरणे आली, त्याच्या पालकाला ‘याला सध्या शिकवणीची गरज नाही’ असे सांगितले, तर तो पालक ग्रुपवर पुढची शिफारस करतो.

समजा, या शिक्षिकेच्या पोस्टवर 40 लाइक आले, 12 कमेंट आल्या, पाच पालकांनी चौकशी केली, चार मुले शनिवारी आली आणि तिघांनी प्रवेश घेतला. महिन्याला 5,400 रुपये झाले. बारा-तेरा तासांच्या कामाला ही रक्कम मोठी नाही, पण बॅच चालू होण्याला पुरेशी आहे. यातला प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो, आणि घोळ कुठे आहे हे त्यावरूनच ओळखता येते. लाइक पुष्कळ आणि चौकशी शून्य असेल, तर ‘अभिनंदन’ म्हणणारे शेजारीच पोस्ट वाचत आहेत. पालकापर्यंत पोचेल असे नेमके काही मजकुरात नाही. चौकशा येऊन शनिवारी कुणी आले नाही, तर बहुधा वेळ आडवी येते. त्या वेळी संकुलातच स्केटिंग, पोहणे किंवा कराटे असते, किंवा लांबच्या शाळेची बस साडेपाचपर्यंत पोचत नाही. सगळे आले पण कुणीच थांबले नाही, तर फी पाहण्याआधी तास पाहावा. घरी जाऊन मुलाने ‘मला नको’ म्हटले असेल, तर फी कमी करून काही उपयोग होत नाही.

शेजारी म्हणून येणाऱ्या अडचणी आणखी वेगळ्या. फी उशिरा देणारा पालक रोज लिफ्टमध्ये भेटतो आणि मागणे अवघड होते. म्हणून महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ फी, बुडलेल्या तासांचे काय, परीक्षेच्या आठवड्यात काय, हे प्रवेशाच्या दिवशीच लिहून द्यावे. एकाला गुपचूप सवलत दिली, तर ती बसच्या थांब्यावर सगळ्यांना कळते. द्यायची तर भावंडांसाठी, आणि सर्वांना माहीत असेल अशी. पोस्टखाली कुणी ‘अमुक मॅडम कमी फीत घेतात’ असे लिहिले, तर वाद घालू नये. आपली बॅच किती मुलांची आहे, एवढे एकदा सांगून थांबावे. त्या मॅडमही त्याच आवारात राहतात, आणि त्यांच्याकडे नसलेला विषय शोधणारा पालक त्या पुढे आपल्याकडे पाठवू शकतात.

या मार्गाला मर्यादा आहे, आणि ती वरच्या अंदाजातच दडलेली आहे. एका संकुलात एका विषयासाठी पंधरा-वीस मुलांपेक्षा जास्त क्वचित मिळतात. ग्रुपमधले सगळे सदस्य प्रत्येक पोस्ट पाहत नाहीत, म्हणून महिन्यातून एकापेक्षा जास्त पोस्ट टाकण्याचा मोह होतो. त्याने चौकशा वाढत नाहीत, अ‍ॅडमिन मात्र वैतागतो. ज्या सोसायटीत फेसबुक ग्रुप महिनोन्‌महिने शांत पडला आहे, तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा नोटीस बोर्डावर तोच मजकूर लावून काम भागवावे. आठ-दहा मुले झाल्यावर बस थांब्यावरच्या आयांचे बोलणेच नवी मुले आणते, आणि ग्रुप मागे पडतो.

तरीही जुनी पोस्ट तिथे राहतेच आणि नवे रहिवासी तीच शोधून काढतात. म्हणून बॅच भरली की त्याच दिवशी पोस्ट दुरुस्त करून ‘ही बॅच भरली, पुढची ऑक्टोबरात’ असे वर लिहावे, आणि दरवर्षी जूनच्या आधी त्यातली इयत्ता, वेळ आणि फी तपासून बदलावी.